माझ्या मशीनवर तर चालतंय

दिवाळीत दोंडाईच्याला गेलो होतो. "काम कुठवर आलं?" पप्पांनी विचारलं. मी म्हणालो, "नव्वद टक्के झालं. आता फक्त उरलेलं नव्वद टक्के बाकी आहे."

आमच्या धंद्यातला हा जुना जोक. बेल लॅब्जच्या टॉम कारगिलच्या नावावर तो आहे, आणि १९८५ साली जॉन बेंटलीने आपल्या सदरात छापल्यावर तो पसरला. पप्पांना कारगिल माहीत असायचं कारण नाही, तरी ते खूप हसले. आमचं घर बांधताना मिस्त्रीने "फक्त गिलावा राहिला" म्हणत सहा महिने काढले होते.

मला जोर चढला. मग मी ऑफिसातला आमचा लाडका किस्सा सांगितला.

आमच्या ॲपवरून दुकानदार माल मागवतात. १ तारखेपासून नवी सवलत सुरू होणार होती. त्या दिवशी पहाटे साडेचारला ज्यांनी ऑर्डर दिली, त्यांना ती मिळालीच नाही. मी तपासलं, तर सगळं बरोबर. "माझ्या मशीनवर तर चालतंय," मी म्हणालो. त्यावर टीममधला एकजण म्हणाला, "मग तुझा लॅपटॉपच सगळ्या दुकानदारांना पाठवून देऊ." अख्खी टीम लोळली, कारण तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी हेच वाक्य उच्चारलं होतं.

पप्पा गप्पच. मग मी समजावायला बसलो (इथेच कुठलाही जोक मरतो). माझा लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर मात्र यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे. आपल्याकडे १ तारखेची पहाटे साडेचार, तेव्हा सर्व्हरवर आदल्या दिवसाचे रात्रीचे अकरा. कोडमध्ये पहिली ओळ होती, दुसरी हवी होती:

```java
LocalDate.now()
LocalDate.now(ZoneId.of("Asia/Kolkata"))
```

पहिली ओळ ज्या मशीनवर चालते तिथली तारीख देते. आम्ही टेस्टिंग दिवसा करायचो, तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच. चूक दिसायची ती फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच. सगळ्या तक्रारी नेमक्या त्याच वेळातल्या आहेत, हे लक्षात आलं तेव्हा कुठे बग सापडला.

पप्पांना हे सगळं समजलं. घड्याळाचा घोळ त्यांनी माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत आईला सांगितलासुद्धा. हसले मात्र नाहीत. त्यांचं किराणा दुकान आहे, आणि तेही पहाटे उठल्या उठल्या मोबाईलवरून माल मागवतात. गिलाव्याच्या जोकमध्ये ते माझ्या बाजूला होते. या जोकमध्ये आम्ही हसत होतो, तेव्हा फोन लावत बसलेला माणूस त्यांच्यासारखा होता.

"मंग त्यास्ले पैसा भेटनात का?" त्यांनी विचारलं.

"भेटले. बारा दिवसांनी."

"बारा," ते म्हणाले, आणि चपला घालून दुकान उघडायला गेले.