शिक्रा की पावशा? फोटो काय सांगतो

चौथीच्या वर्गाच्या ग्रुपवर एका पालकांनी फोटो टाकला. घरामागच्या शेवग्यावर बसलेला राखाडी पक्षी, छातीवर तांबूस छटा, पोटावर आडवे पट्टे. खाली लगेच उत्तरं आली, "शिक्रा!" चला, आपणही तपासू या.

आधी आकार. शेजारच्या फांदीवर पारवा आहे आणि पक्षी जवळपास तेवढाच दिसतो. पण शिक्रा आणि पावशा दोघेही साधारण पारव्याएवढेच. जागा? दोघेही बागेत, आमराईत, गावातल्या झाडांवर दिसतात. पिसारा तर इतका सारखा, की पावशाला पाहून छोटे पक्षी शिक्रा समजून घाबरतात. म्हणजे तीन खुणांनी दोनच नावं उरली, निवड झाली नाही.

आता फोटो मोठा करून चोच पाहा. शिक्रा मांस फाडून खातो, म्हणून त्याची चोच आखूड, जाड, टोकाला आकड्यासारखी वळलेली. पावशा अळ्या टिपतो. त्याची चोच बारीक, जवळजवळ सरळ. या फोटोत चोच सरळच आहे, डोळ्याभोवती पिवळं कडं आहे, आणि शिक्र्याचे लांब पिवळे पाय, धारदार नख्या कुठेच नाहीत. हा पावशा!

चोच आणि पाय पानांआड असतील, तर मुलांना वहीत "शिक्रा किंवा पावशा" असंच लिहू द्या. तेही बरोबर उत्तर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच झाडावरून "पेर्ते व्हा" ऐकू आलं, की पावशावर खूण करायची.