मधला आकडा आधी

आमच्या तालुक्याच्या गावात एक अभ्यासिका आहे. तिथे संध्याकाळी मी बुद्धिमत्ता चाचणीचा तास घेते. नववीच्या पुस्तकातला संचांचा धडा मुलांचा झालेला असतो, त्यामुळे वेन आकृती त्यांना ओळखीची असते. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढायची, मधला आकडा आधी भरायचा आणि मग बाहेर यायचं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मधूनच सुरुवात का करायची, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. "तशीच पद्धत आहे, मॅडम," एवढंच उत्तर येतं.

गेल्या वर्षी अभ्यासिकेच्या मालकांनी वर्गाला एक काम दिलं आणि या प्रश्नाचं उत्तर आपोआप समोर आलं. त्यांच्याकडे ९० मुलं बसायची. राज्यसेवा, तलाठी आणि पोलीस भरती यांपैकी कोणी कोणते फॉर्म भरले, याच्या तीन याद्या त्यांनी केल्या होत्या. राज्यसेवेच्या यादीत ३८ नावं होती, तलाठ्याच्या ५२ आणि पोलीस भरतीच्या ४१. त्यांना हवं होतं इतकंच, की एकही फॉर्म न भरता नुसते बसणारे किती आहेत. तिन्ही याद्यांची बेरीज १३१ होत होती, म्हणजे बरीच नावं दोनदा-तीनदा आली होती. मुलांनी कामं वाटून घेतली आणि दोघादोघांनी मिळून दोन-दोन याद्या ताडून पाहिल्या. राज्यसेवा आणि तलाठी दोन्हींत असलेले २२ निघाले, तलाठी आणि पोलीस २५, राज्यसेवा आणि पोलीस १३. तिन्हींत किती, हे काम कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

एकाने फळ्यावर वर्तुळं काढली आणि २२, २५, १३ हे आकडे दोन-दोन वर्तुळांच्या सामाईक पाकळ्यांत लिहून टाकले. मधली जागा कोरी राहिली. पुढचं गणित सुरळीत झालं. फक्त राज्यसेवा ३, फक्त तलाठी ५, फक्त पोलीस ३. सगळ्यांची बेरीज ७१, म्हणून बाहेर उरले १९. कुठे अडलं नाही की काही विचित्र दिसलं नाही. या प्रश्नांतली चूक घातक असते ती इथेच, कारण आकडे शहाण्यासारखे दिसत राहतात. परीक्षेत पर्याय काढणाऱ्याला असा १९ आधीच माहीत असतो आणि तो पर्यायांत ठेवलेलाही असतो.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, या तेरांमध्ये तलाठ्याचाही फॉर्म भरलेला कोणी नाही का? मीच भरलेत की तिन्ही."

तिच्या या वाक्यात सगळी पद्धत आहे. २२ हा आकडा एका जागेचा नाहीच. त्यात फक्त राज्यसेवा-तलाठीवाले आहेत आणि तिन्हीवालेही आहेत. ३८ मध्ये तर चार जागांचे लोक एकत्र आहेत. मिळालेल्या आकड्यांत तिन्हींचा आकडा तेवढा एकाच जागेचा असतो, त्यात दुसऱ्या कोणाची भेसळ नसते. म्हणून तो पहिला लिहायचा आणि बाकीच्यांतून वजा करत बाहेर यायचं. हे कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. प्रश्नात 'फक्त तलाठी १४' असं दिलं असेल, तर तोही एकाच जागेचा आकडा आहे. तो खुशाल आधी लिहावा. 'राज्यसेवा आणि तलाठी २२' आणि 'फक्त राज्यसेवा आणि तलाठी २२' ही दोन विधानं दिसायला जुळी असली, तरी पहिल्यातून मधला आकडा वजा करायचा आणि दुसऱ्यातून करायचा नाही. प्रश्न वाचताना 'फक्त' आणि 'केवळ' यांना पेन्सिलीने गोल करा, असं मी सांगते.

आता मधला आकडा शोधायचा होता. मुलं पुन्हा तिन्ही याद्या घेऊन बसणार होती, पण तेवढी गरज नव्हती. तिन्ही फॉर्म भरणारा माणूस सगळ्यात लहान जोडीत असणारच. राज्यसेवा-पोलीसवाले १३ जण होते, त्यांचीच नावं तलाठ्याच्या यादीत पाहिली. ९ सापडली.

उत्साहाच्या भरात एकाने तो ९ मधल्या जागेत लिहिला आणि पाकळ्या तशाच ठेवल्या. ३८ मधून २२, १३ आणि ९ गेल्यावर उत्तर आलं उणे ६. वर्ग हसला, पण या उणे आकड्याचे उपकार मानावेत. निदान तो ओरडून सांगतो की ९ जण तीनदा वजा झालेत. मग नीट भरलं. मध्ये ९. पाकळ्या २२ वजा ९ म्हणजे १३, २५ वजा ९ म्हणजे १६, १३ वजा ९ म्हणजे ४. फक्त राज्यसेवा १२, फक्त तलाठी १४, फक्त पोलीस १२. सातही जागांची बेरीज ८० झाली आणि बाहेर उरले १०. ताळाही पटकन घेता येतो: १३१ मधून जोड्यांची बेरीज ६० वजा केली आणि तिन्हींचे ९ परत मिळवले की ८०.

त्या मुलीचं समाधान झालं नव्हतं. "मधे माणसं वाढली तर कडेचे कमी व्हायला हवेत ना? इथे फक्त राज्यसेवावाले तीनाचे बारा झाले."

याचा विचार पुस्तकं सहसा करायला लावत नाहीत. मध्ये एक माणूस वाढला की तिन्ही पाकळ्यांतून एकेक कमी होतो, कारण जोड्यांचे आकडे ठरलेले आहेत. राज्यसेवेच्या वर्तुळात अशा दोन पाकळ्या आहेत, म्हणजे त्या वर्तुळातून दोघे गेले आणि मधे एकच आला. तरी यादी ३८ चीच राहायला हवी, म्हणून 'फक्त राज्यसेवा'त एक वाढतो. तिन्ही वर्तुळांत असंच होतं. मधे एक वाढला, पाकळ्यांतून तीन गेले, कडेला तीन आले. एकूण एकच वाढला आणि बाहेरच्यांतून एक कमी झाला. मधे ० धरले तेव्हा बाहेर १९ होते, ९ धरल्यावर १० झाले ते यामुळेच.

पुढच्या सराव परीक्षेत मी हेच आकडे दिले, पण मधला ९ काढून टाकला आणि विचारलं: एकही फॉर्म न भरलेले कमीत कमी किती? चौथा पर्याय 'माहिती अपुरी' असा ठेवला होता आणि बहुतेकांनी त्यावरच खूण केली. त्या मुलीने मध्ये क्ष लिहिला. पाकळ्या २२ वजा क्ष, २५ वजा क्ष, १३ वजा क्ष. माणसं उणे असू शकत नाहीत, तेव्हा क्ष १३ च्या पुढे जाऊ शकत नाही. कडेचे ३ अधिक क्ष, ५ अधिक क्ष, ३ अधिक क्ष. त्यांची अडचण कधीच नाही. बाहेरचे १९ वजा क्ष, म्हणजे कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त १९. खाली तिने एक ओळ जोडली होती: ६ येतील तेव्हा 'फक्त राज्यसेवा आणि पोलीस' ही जागा रिकामी असेल.