आकडा वाढला, पुढे काय?

माझं वजन होतं १२४ किलो. इच्छा मंदावली होती, सकाळचा ताठरपणाही क्वचितच जाणवायचा. तपासणीत टेस्टोस्टेरॉन २२० आलं. साधारण ३००च्या खाली गेलं की कमी समजतात. पहिल्या डॉक्टरांनी लगेच टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली. आम्हाला मूल हवं होतं, म्हणून मी हार्मोनतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलंत तर मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेश थांबेल आणि शुक्राणू घटतील. आधी वजनाकडे बघू." मग सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी त्यासोबत एसएचबीजीही तपासलं. हे रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन. इन्सुलिन वाढलेल्या लठ्ठ माणसात ते घटतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो. प्रत्यक्ष कामाला येणारं मुक्त टेस्टोस्टेरॉन तितकं घसरलेलं नसतं. शिवाय चरबीतलं अरोमाटेज टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, तो भाग वेगळाच.

टिरझेपाटाइडचं आठवड्याला एक इंजेक्शन सुरू झालं, अडीच मिलीग्रॅमपासून. पोटाच्या कातडीत सुई टोचायची सवय पटकन झाली. मळमळीची मात्र झाली नाही. ताटातली अर्धी पोळी तशीच राहायची. आणि याच काळात इच्छा आणखी उतरली. मी घाबरून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "शरीराला उपासमार चाललीय असं वाटलं की प्रजननाचं काम ते मागे टाकतं. अंडी, पनीर, डाळ वाढवा, थोडे वजनाचे व्यायाम करा. वजन स्थिरावेपर्यंत हार्मोन मोजू नका."

वर्षभराने वजन १०३वर टेकलं. टेस्टोस्टेरॉन ३९० आलं. मी खूश झालो, पण बाईंनी पेनने दुसऱ्या ओळीवर खूण केली: एसएचबीजी १४वरून ३०. म्हणजे एकूण आकडा पावणेदोनपट झाला, तरी मुक्त टेस्टोस्टेरॉन साधारण एक तृतीयांशानेच वाढलं. फरक खरा होता, कागदावर दिसत होता तेवढा मोठा नव्हता. सकाळचा ताठरपणा परतला, बायकोच्याही ते लक्षात आलं.

माझ्या चुलतभावाने, दादाने, स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. जठराचा मोठा भाग काढल्यावर त्याचं वजन माझ्याहून बरंच जास्त उतरलं, टेस्टोस्टेरॉनही जास्त वाढलं. इच्छा परतली, ताठरता नाही. त्याचा मधुमेह पंधरा वर्षं जुना. तेवढ्या काळात साखरेनं लिंगाच्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब केल्या होत्या, आणि त्या हार्मोनने भरून येत नाहीत. त्याला सिल्डेनाफिल दिलं, तेही आधी हृदय तपासून आणि छातीदुखीच्या नायट्रेट गोळ्या चालू नाहीत ना, हे विचारून.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी दोन प्रश्न वेगळे करून विचारतो: इच्छा होत नाही, की इच्छा असून जमत नाही? उपचार तिथूनच बदलतो.