अकरा वाजता मोबाईल कुणाकडे असतो?

मंडळी, शिष्यवृत्तीच्या गणितांचे माझे छोटे व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी यूट्यूबवर पाहिले असतील. ते कधी टाकावेत यासाठी नातवाने एक तक्ता पाठवला. त्यात 'सर्वोत्तम वेळ : सकाळी ११' असं ठळक लिहिलेलं. असे तक्ते बहुधा हजारो खात्यांची सरासरी काढून करतात आणि त्यात दुकानं, कंपन्या, परदेशातली मंडळी, सगळीच येतात. माझी मुलं मात्र अकराला शाळेत असतात, आणि घरातला एकुलता मोबाईल बाबांच्या खिशात! तो हाती येतो रात्री.

पण हाही माझा अंदाजच. म्हणून आठ चिठ्ठ्या केल्या, चारांवर 'सकाळी ११' आणि चारांवर 'रात्री ८'. दर मंगळवारी डब्यातून एक काढायची आणि त्या वेळी व्हिडिओ टाकायचा. वार तोच, लांबी साधारण तेवढीच, बदल फक्त वेळेचा. आपण स्वतः वेळ निवडली, तर सोपं गणित नकळत आवडत्या वेळेला जातं, ते चिठ्ठीने टळतं. आकडा टिपायचा बरोबर ४८ तासांनी, म्हणजे प्रत्येक व्हिडिओच्या वाट्याला दोन संध्याकाळी येतात. जुन्या व्हिडिओला जास्त दिवस मिळतात, त्यामुळे एकूण आकड्यांची तुलना करून उपयोग नाही.

सकाळचे आकडे आले ३१, २८, ३५, ३०. रात्रीचे ४४, ३९, ११२, ४१.

रात्रीची सरासरी ५९ आणि सकाळची ३१, म्हणजे जवळजवळ दुप्पट! पण थांबा. ११२ वाला व्हिडिओ एका शिक्षिकेने पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, ती काही आठ वाजण्याची करामत नव्हे. तो वगळला तर रात्रीची सरासरी ४१ उरते. फरक दहाचाच, पण रात्रीचा सगळ्यात लहान आकडासुद्धा सकाळच्या सगळ्यात मोठ्या आकड्याहून मोठा आहे. आठातून चार निवडायचे ७० प्रकार होतात. वेळेचा काहीच परिणाम नसता, तर वरचे चारही आकडे रात्रीच्याच चिठ्ठ्यांना पडण्याची शक्यता ७० त १. एवढ्यावर मी रात्री आठ पक्के केले.

मग वाराची पाळी. वेळ रात्री आठच ठेवून, चिठ्ठ्या मंगळवार आणि शनिवारच्या. मंगळवारी ४३, २९, ५१, ३८ आणि शनिवारी ४०, ४७, ३३, ४५. आकडे एकमेकांत मिसळलेले, यातून काही ठरत नाही. म्हणून मंगळवारच राहू दिला.

यूट्यूबही सांगतं की टाकण्याच्या वेळेचा व्हिडिओच्या दूरच्या वाटचालीवर थेट परिणाम होतो असं दिसलेलं नाही. खरंच आहे, वर्षभराने हे दहा जण कुठल्या कुठे जातील. पण मला त्या रात्रीचं पडलंय. आठला टाकलं की नऊपर्यंत एखादी चिमुरडी विचारते, "बाई, तिसरी पायरी कळली नाही." आणि झोपण्याआधी तिला उत्तर देता येतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचा दिवस बदलेल, तेव्हा चिठ्ठ्या पुन्हा काढाव्या लागतील. डबा जपून ठेवलाय.