चौतीस रुपयांचा प्रश्न

कच्च्या तेलाच्या ऑप्शनची किंमत काढायला मी एका शनिवारी दुपारी छोटासा प्रोग्राम लिहिला. ब्लॅक-शोल्सचं सूत्र तोंडपाठ होतं, कोड चालला, आकडे दिसायला लागले. मामेभाऊ एमसीएक्सवर थोडंफार ट्रेडिंग करतो. त्याला प्रोग्राम दिला आणि उगाच कॉलर ताठ केली.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन. "दादा, पंधरा हजार गेले रे."

झालं असं होतं. फ्यूचर ६००० रुपयांवर होतं आणि ६००० स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही २७३ च्या आसपास मिळत होते. मुदतीला ३० दिवस होते. बाजारभावावरून अस्थिरता काढली तर माझा प्रोग्राम म्हणायचा, कॉलची ३७ टक्के, पुटची ४२ टक्के. म्हणजे कॉल स्वस्त, पुट महाग! भावाने कॉल घेतला, पुट विकला. खिशातून जवळपास काहीच गेलं नाही, त्यामुळे खूश. पण एकाच स्ट्राइकचा कॉल घेऊन पुट विकणं म्हणजे सरळ फ्यूचर विकत घेणंच की! तेल दीडशे रुपयांनी उतरलं, लॉट १०० बॅरलचा. हिशोब तुम्हीच करा.

चूक त्याची नव्हती. मी सूत्रात स्पॉटच्या जागी, म्हणजे S च्या जागी, फ्यूचरचा भाव कोंबला होता. कारण? एमसीएक्सवरच्या या ऑप्शनच्या पोटात तेल नसतंच, फ्यूचर असतं. मुदत संपली की नफ्यात असलेल्या ऑप्शनचं फ्यूचरमध्ये रूपांतर होतं. मग भाव त्याचाच घालायला हवा ना? हवाच. पण तेवढ्याने भागत नाही.

ब्लॅक-शोल्समध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. स्पॉट माल घ्यायला आज पूर्ण पैसे मोजावे लागतात, म्हणून तो सरासरीने व्याजदराच्या वेगाने वाढतो असं धरून हिशोब होतो. फ्यूचर घ्यायला मात्र किंमत मोजावी लागत नाही, फक्त मार्जिन ठेवायचं. पैसेच अडकले नाहीत तर व्याज कसलं मागायचं? शिवाय साठवण आणि व्याज, जे काही असेल ते फ्यूचरच्या भावात आधीच आलेलं असतं. मी ते दुसऱ्यांदा जोडत होतो.

फिशर ब्लॅकने १९७६ मध्ये हे सूत्र फ्यूचरसाठी बदलून दिलं. बदल गंमतशीर छोटा आहे: S काढा आणि तिथे F*exp(-r*T) घाला. d1 मधला व्याजदर आपोआप गळून पडतो, आणि उरतो तो फक्त शेवटी, मुदतीअखेर मिळणारे पैसे आजच्या किमतीत आणायला.

```python
def black76_call(F, K, T, r, s):
    d1 = (log(F/K) + s*s*T/2) / (s*sqrt(T))
    d2 = d1 - s*sqrt(T)
    return exp(-r*T) * (F*N(d1) - K*N(d2))
```

आता तेच आकडे घ्या. अस्थिरता ४० टक्के, व्याज ७ टक्के. या सूत्राने कॉल २७३ आणि पुटही २७३. माझ्या जुन्या कोडने कॉल २९१, पुट २५७. फरक ३४ रुपये, म्हणजे ६००० रुपयांवरचं ३० दिवसांचं व्याज! भूत तिथेच बसलं होतं.

म्हणूनच आता पहिली चाचणी हीच: फ्यूचरचा भाव आणि स्ट्राइक एकच ठेवा, कॉल आणि पुट सारखेच यायला हवेत. सारखे नाही आले तर बाजार चुकलेला नाही, तुम्ही चुकलात. आणि T ऑप्शनच्या मुदतीचा घ्या, फ्यूचरच्या नव्हे. ऑप्शन काही दिवस आधी संपतो.

हे सूत्रही सगळीकडे चालत नाही. मुदतीआधी वापरता येणाऱ्या अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनला ते कमी किंमत दाखवू शकतं. आणि log(F/K) आहे तोवर भाव शून्याच्या वर असायलाच हवा. २० एप्रिल २०२० ला न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याचं तेल फ्यूचर उणे ३७.६३ डॉलरवर बंद झालं. ऋण संख्येचा लॉग काढणार कसा? त्याच आठवड्यात सीएमईने तेलाच्या ऑप्शनसाठी ऋण भाव चालणाऱ्या बॅशेलिएच्या सूत्राकडे मोर्चा वळवला.

भावाला सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे तू व्याज दोनदा लावलंस, आणि भरलं मी."

अर्धे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता, पण घेतले.