अवघड प्रश्नापासून सुरुवात

तिमाहीच्या निकालांचं प्रेझेंटेशन मी शेवटाकडून बनवायला घेतो. आधी कागदावर प्रश्न लिहितो: एमडींच्या खुर्चीत मी असतो तर कोणत्या आकड्यावर बोट ठेवलं असतं? स्लाइड त्यानंतर.

उदाहरणापुरता वाहनांचे सुटे भाग बनवणारा चाकणचा एखादा कारखाना घेऊ आणि आकडे सोपे ठेवू. सप्टेंबर तिमाहीत विक्री २०० कोटी आणि एबिटा २४ कोटी, म्हणजे मार्जिन १२ टक्के. डिसेंबर तिमाहीत विक्री २१६ कोटींवर गेली, पण एबिटा २२ कोटींवर आला आणि मार्जिन १०.२ टक्के झालं. पहिल्या स्लाइडवर ‘विक्रीत ८ टक्के वाढ’ असं मोठ्या अक्षरांत लिहायचा मोह होतो. तिथे निकालच लिहावा: ‘विक्री वाढली, नफा २ कोटींनी घटला; मुख्य कारण स्टील आणि विमानाने पाठवलेला माल.’ वाईट बातमी तिसऱ्या स्लाइडवर सापडली की वरिष्ठ मंडळी उरलेल्या सगळ्या स्लाइड संशयाने वाचतात.

दुसऱ्या स्लाइडवर नफ्याचा ब्रिज, म्हणजे २४ पासून २२ पर्यंतचा हिशेब पायऱ्यापायऱ्यांनी. जास्त नग विकले त्याचे अधिक २.५. ग्राहकांकडून मिळालेली दरवाढ अधिक ७. स्टील महागलं त्याचे उणे ९.५. विमानभाडं उणे १.५. कामगार करारातली पगारवाढ उणे ०.५. पाच पायऱ्या पुरतात. ‘इतर’ नावाची पायरी मोठी दिसली, तर हिशेब अजून झालेला नाही असं समजावं.

आता प्रत्येक पायरीवर उभं राहून प्रश्न शोधायचा. पहिला प्रश्न हमखास येतो: “स्टीलचे राहिलेले अडीच कोटी वसूल झाले, की मार्जिन परत १२ वर ना?” घाईत ‘हो’ निघून जातं. पण ते अडीच कोटी विक्रीतही मिळतात. २४.५ भागिले २१८.५, उत्तर ११.२ टक्के. स्टीलची वाढ रुपयाला रुपया वसूल झाली, तरी विक्री फुगते आणि नफा तेवढाच राहतो, त्यामुळे टक्केवारी घसरते. हे गणित आधी करून ठेवलं नसेल, तर भर मीटिंगमध्ये दिलेलं ‘हो’ पुढच्या तिमाहीचं आश्वासन होऊन बसतं.

दुसरा प्रश्न विमानभाड्याचा. डाय तुटली, उत्पादन अडलं, ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून माल विमानाने गेला. आपण त्याला ‘एकदाच झालेला खर्च’ म्हणतो. तसं म्हणण्याआधी मागच्या चार तिमाहींचं विमानभाडं काढून पाहावं. तीन तिमाहींत ते दिसत असेल, तर तो आपल्या कामाचाच खर्च आहे. आणि ही पायरी प्लांट हेडना मीटिंगआधी दाखवावी. सगळ्यांसमोर ती पहिल्यांदा पाहिली, तर ते कारण सांगण्याऐवजी बचाव करतील.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र चांगल्या दिसणाऱ्या पायरीखाली असतो. दरवाढीचे ७ कोटी, पण त्यातल्या कितींचं ग्राहकाचं पत्र हातात आहे? या धंद्यात स्टीलचा दर अनेकदा तिमाही उलटल्यावर ठरतो, आणि तोवर आपण अंदाजाने विक्री धरतो. समजा ४ कोटींचं पत्र आहे आणि ३ कोटींची बोलणी चालू आहेत. इंड एएस ११५ नुसार अशी रक्कम नंतर मोठ्या प्रमाणात उलटवावी लागणार नाही, याची दाट खात्री असेल तेवढीच धरता येते. आधार कच्चा असेल तर ती हिशेब बंद करतानाच बाहेर काढावी लागते. स्लाइडवर खुलासा करून भागत नाही. मागच्या दरनिश्चितींचा अनुभव भक्कम असेल आणि रक्कम धरली असेल, तर ब्रिजखालीच लिहावं: ३ कोटींचं पत्र बाकी, ते न मिळाल्यास एबिटा १९ कोटी, मार्जिन ८.९ टक्के.

सेल्सच्या साहेबांना ही ओळ आवडत नाही. “विचारलं तर सांगू,” असं ते म्हणतात. पण विचारल्यावर सांगितलेला आकडा लपवलेला वाटतो आणि आपणहून सांगितलेला हिशेबातला. मग चर्चा ‘हे आधी का नाही सांगितलं’ यावर न अडकता ‘ग्राहकाकडे कोण जाणार आणि कधी’ यावर जाते.

शेवटच्या स्लाइडवर मागच्या तिमाहीत दिलेले शब्द आणि त्यांचं काय झालं, एवढंच ठेवतो. बाकी तक्ते परिशिष्टात. प्रत्येक अवघड प्रश्नासाठी एक वाक्य, एक आकडा आणि त्यामागचा एक कागद. ज्याचं उत्तर हाताशी नाही, ते कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत देईल ते सांगावं. तिथल्या तिथे अंदाज ठोकू नये. आणि वेळ कमी असेल, तर रंग आणि आलेख सोडून द्या, पण ब्रिजमधल्या सगळ्यात आनंददायी पायरीचा कागद आधी मागवा.