मालवण ते पुणे, व्हाया ४० दिवस

एसटीत बसताना आईने पिशवी दिली : आमसुलं, तिरफळं, आणि पेपरात सात वेळा गुंडाळलेलं सुकट. "पोचलंस की फोन कर," बाबा म्हणाले आणि ३०,००० रुपये हातात ठेवले. मला वाटलं, एवढे कशाला? पगार सुरू होतोयच की!

इथेच माझं गणित चुकलं. जॉइनिंग २२ जूनला. एचआरच्या बाईंनी हसत सांगितलं, पेरोल २० तारखेलाच बंद झालाय. जूनचे ९ दिवस जुलैच्या पगारात मिळतील. म्हणजे पहिला पैसा ३१ जुलैला. पूर्ण ४० दिवस!

तिघांत फ्लॅट घेतला. भाडं १८,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं. माझ्या वाट्याला १२,००० डिपॉझिट आणि ६,००० आगाऊ भाडं. उरले १२,०००, म्हणजे दिवसाला ३००. करार ११ महिन्यांचा. मला वाटायचं ११ महिने म्हणजे नोंदणी नको. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदवला नाही तर भांडणात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, त्यामुळे मालकही नोंदणीला तयार असतात.

मालकांची एकच तोंडी अट : नॉनव्हेज नको. सुकट अजून बॅगेत आहे. रात्री आईचा फोन, "थंय माशे गावतत काय रे?"

"गावतत," म्हटलं. ३१ जुलैनंतर.